पाच महिन्यांची झाली पाच वर्षं

शेजारचे काका पिशवी घेऊन आले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पिशवीत रुग्णालयाची फाइल, बिलांचा गठ्ठा, पॉलिसीचं चकचकीत पुस्तक आणि एका पानाचं पत्र. पत्र इंग्रजीत होतं आणि काकांनी ते मुलाकडून, जावयाकडून आणि बँकेतल्या एका ओळखीच्या माणसाकडून वाचून घेतलं होतं. तिघांनीही एकच अर्थ सांगितला होता: पैसे मिळणार नाहीत. मी काही वर्षं विम्याच्या क्लेम विभागात काढली आहेत हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. “तू नुसतं वाच,” ते म्हणाले, “आणि मला सांग, मी नेमकं काय केलं म्हणून हे नाही म्हणतायत?”

प्रश्न बरोबर होता. क्लेम नाकारला गेला की बहुतेक माणसं “का देत नाही?” म्हणून भांडायला जातात. नेमक्या कोणत्या कलमाखाली नाकारला, हे विचारणारे थोडे. आणि उत्तर तिथेच असतं. ‘नाकारला’ हा शब्द एक असला तरी त्याच्यामागे वेगवेगळी कुलपं असतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी असते.

काकांची हकिगत अशी. भोसरीच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं होते. ३० सप्टेंबर २०२४ ला निवृत्त झाले आणि त्या दिवशी कारखान्याचा सामूहिक आरोग्य विमाही संपला. १५ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांनी स्वतःची पाच लाखांची पॉलिसी घेतली. जून २०२५ मध्ये डोकं जड वाटतं म्हणून डॉक्टरांकडे गेले, रक्तदाब वाढलेला निघाला, एक गोळी सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पहाटे छातीत दुखायला लागलं. रुग्णालय, अँजिओग्राफी, एका रक्तवाहिनीत अडथळा, एक स्टेंट. बिल २,४६,००० रुपये. कॅशलेसला कंपनीने ‘रक्तदाब कधीपासून आहे हे तपासावं लागेल’ असं सांगून नकार दिला. मुलाने ठेवी मोडून बिल भरलं, नंतर कागद पाठवले आणि महिन्याभराने हे पत्र आलं.

मध्येच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. कॅशलेसच्या वेळी कंपनीला तासाभरात निर्णय द्यायचा असतो. शंका असली की ती हात आखडते. नंतर सगळे कागद पाहून भरपाईचा दावा मंजूर होऊ शकतो. कॅशलेसला नकार मिळाला म्हणून पुढे कागदच न पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे पैसे कंपनीने नाही, त्यांनीच सोडले.

आता पत्र. मराठीत सांगायचं तर त्यात तीन वाक्यं होती. ‘डिस्चार्ज समरीनुसार रुग्णाला पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे. ही बाब प्रस्तावपत्रात नमूद केलेली नाही. सध्याचा आजार त्याच रक्तदाबाशी संबंधित असल्याने कलम Excl01 नुसार दावा देय नाही.’

काकांनी तोवर तिसरं वाक्यच धरून ठेवलं होतं. मी पहिल्यावर बोट ठेवलं. “पाच वर्षांपासून?” ते म्हणाले, “छे! जूनमध्ये तर कळलं.”

Excl01 हा काय प्रकार आहे ते आधी पाहू. पूर्वी प्रत्येक विमा कंपनी आपापल्या भाषेत अपवाद लिहायची. एकीच्या पॉलिसीत जो शब्द, तो दुसरीच्यात नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये नेहमीच्या अपवादांची शब्दरचना ठरवून दिली आणि त्यांना Excl01 ते Excl18 असे कोड दिले. त्यामुळे तुमची पॉलिसी कोणत्याही कंपनीची असो, हे कोड आणि त्यांचा मजकूर जवळपास सारखाच सापडेल. पत्रात कोड किंवा कलम नसेल, नुसतंच ‘पॉलिसीच्या अटींनुसार देय नाही’ असं असेल, तर पहिलं काम म्हणजे कंपनीला लिहून कलम विचारणं. नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट सांगितलीच पाहिजे, असं नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. नकार कुणा एका कर्मचाऱ्याच्या सहीने देता येत नाही. कंपनीच्या ठरावीक समितीची मान्यता त्याला लागते, हेही त्यातच आहे.

Excl01 म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला आजार. सगळे त्याला ‘पीईडी’ म्हणतात. या कलमाचं साधं भाषांतर असं: आधीपासून असलेला आजार आणि त्यातून थेट उद्भवलेली गुंतागुंत, यांच्या उपचारांचा खर्च पहिली पॉलिसी सुरू झाल्यापासून ठरावीक महिने सलग पूर्ण होईपर्यंत मिळणार नाही. हे ठरावीक महिने २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ केले आहेत. आधी ते ४८ पर्यंत असत. काही कंपन्या कमीही ठेवतात, म्हणून आपल्या पॉलिसीतला आकडा पाहावा.

म्हणजे हा कायमचा नकार नाही, ही थांबण्याची मुदत आहे. फरक मोठा आहे. चश्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया किंवा निव्वळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया हे वगळलेलेच असतात. पॉलिसी वीस वर्षं चालवली म्हणून ते मिळू लागत नाहीत. अर्थात तिथेही बारकावे आहेत. नंबर ७.५ किंवा त्याहून जास्त असेल तर पहिला अपवाद लागत नाही. अपघातानंतर किंवा भाजल्यानंतर चेहरा पूर्ववत करायची शस्त्रक्रिया असेल तर दुसरा लागत नाही. पण पीईडीचं कलम वेळेचं आहे. ते एका तारखेला उघडतं.

आणि ‘आधीपासून असलेला’ कशाला म्हणायचं, याचीही व्याख्या ठरलेली आहे. पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार दिले, तो आजार. या व्याख्येत ‘डॉक्टरांनी’ हा शब्द आहे. शरीरात आजार आत कुठे तरी दडून असेल, रक्तवाहिनीत चरबी वर्षानुवर्षं साठत असेल, पण कुणा डॉक्टरने तो ओळखलाच नसेल, सल्लाही दिला नसेल, तर या व्याख्येने तो ‘आधीपासूनचा’ होत नाही. ‘इतका अडथळा एका वर्षात तयार होत नाही, म्हणजे तुमचा आजार जुनाच’ असं सांगणारी पत्रं मी पाहिली आहेत. वैद्यकशास्त्र म्हणून त्यात तथ्य असेलही. पॉलिसीची व्याख्या मात्र शरीरातल्या चरबीबद्दल बोलत नाही, ती कागदावरच्या निदानाबद्दल बोलते.

काकांच्या बाबतीत ही खिडकी १५ ऑक्टोबर २०२१ ते १५ ऑक्टोबर २०२४ अशी येते. या तीन वर्षांत कुणी डॉक्टरने त्यांना रक्तदाब आहे असं सांगितलं होतं का, गोळी दिली होती का, एवढाच प्रश्न. पाच वर्षांपासून रक्तदाब असेल आणि या खिडकीत गोळ्या चालू असतील, तर उत्तर ‘हो’. जून २०२५ मध्ये निदान झालं असेल, तर ‘नाही’, आणि मग Excl01 लागूच होत नाही.

सगळं आलं त्या पाच वर्षांवर.

रुग्णालयातून मिळणारं डिस्चार्ज कार्ड टाइप केलेलं असतं. ते ज्याच्यावरून टाइप होतं तो हाताने लिहिलेला केस पेपर, ज्याला ‘इनडोअर केस पेपर’ म्हणतात, तो रुग्णालयाच्या रेकॉर्डमध्ये असतो. रुग्ण दाखल होतो त्या घाईत एक निवासी डॉक्टर विचारतो, आधी काही आजार? कधीपासून? उत्तर कधी रुग्ण देतो, कधी घाबरलेली बायको, कधी परगावाहून आलेला मुलगा. ती एक ओळ लिहिली जाते आणि क्लेम विभागात बसलेला डॉक्टर संपूर्ण फाइलमध्ये सर्वांत आधी तीच ओळ शोधतो. मीही शोधायचो. स्टेंट कोणत्या कंपनीचा, बिल किती, हे सगळं नंतर.

मी काकांना म्हटलं, उद्या रुग्णालयात जा आणि लेखी अर्ज देऊन केस पेपरची पूर्ण प्रत मागा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे. ‘फक्त विमा कंपनीला देतो’ असं काउंटरवर सांगतात, ते ऐकू नये. तिसऱ्या दिवशी प्रत आली. पहिल्या पानावर, निळ्या शाईत, डॉक्टरी अक्षरात लिहिलं होतं: रक्तदाब, आणि पुढे ५/१२.

डॉक्टरांची ही जुनी लिहिण्याची पद्धत आहे. बारा महिन्यांपैकी पाच, म्हणजे पाच महिने. ५/७ लिहिलं तर पाच दिवस, ५/५२ लिहिलं तर पाच आठवडे. जूनपासून नोव्हेंबर, पाच महिने, हिशेब चोख होता. निवासी डॉक्टरने बरोबर लिहिलं होतं. डिस्चार्ज कार्ड टाइप करणाऱ्याला ५ दिसला, तिरकी रेघ दिसली, आणि त्याने ‘५ वर्षे’ करून टाकलं. अडीच लाखांचा प्रश्न एका तिरक्या रेघेत अडकला होता.

प्रत्येकाचं नशीब इतकं सरळ नसतं, हे सांगायला हवं. पुष्कळदा केस पेपरवरही चुकीचंच लिहिलेलं असतं, कारण सांगणाऱ्यानेच घाईत ‘चार-पाच वर्षं झाली असतील’ असं सांगितलेलं असतं. मग दुसरीकडचे पुरावे गोळा करावे लागतात. काकांकडे तेही होते. कारखान्यात दरवर्षी आरोग्य तपासणी व्हायची. ऑगस्ट २०२४ च्या, म्हणजे पॉलिसीच्या दोन महिने आधीच्या अहवालात रक्तदाब १२८/८२ होता आणि ‘चालू औषधं’ या रकान्यात ‘नाही’. जून २०२५ ची डॉक्टरांची पहिली चिठ्ठी होती, तिच्यावर ‘नव्याने आढळलेला’ असं लिहिलेलं. औषधाच्या दुकानाची बिलं जूनपासूनचीच. अशा वादात जुना, कंटाळवाणा, कुणी न मागता दिलेला कागद सर्वांत वजनदार ठरतो, कारण तो भांडणासाठी तयार केलेला नसतो.

याउलट एक सल्ला रुग्णालयाच्या आवारात हमखास मिळतो: “साहेब, कार्डच बदलून देतो.” तसं कधी करू नये. कंपनीचा तपासनीस तोवर रुग्णालयात येऊन गेलेला असतो आणि मूळ कागदांच्या प्रती त्याच्याकडे असतात. खाडाखोड केलेला दुसरा कागद पुढे आला की चुकीचा क्लेम फसवणुकीचा क्लेम होतो आणि मग खरं बोलणाऱ्यालाही तोंड उरत नाही. करायचं असतं ते इतकंच, की उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णालयाच्या लेटरहेडवर, केस पेपरचा उल्लेख करून, टाइप करताना काय चूक झाली ते लिहून द्यावं. मूळ कार्ड तसंच राहू द्यावं.

त्या तपासनिसाबद्दलही दोन शब्द. तो घरी येतो, नम्र असतो, चहा घेतो आणि एका कागदावर जबाब लिहून सही मागतो. आपण काय बोललो आणि त्याने काय लिहिलं हे वाचल्याशिवाय सही करू नका. कोरा भाग असेल तर रेघ मारा. कागदाचा फोटो काढून ठेवा. तो काही तुमचा शत्रू नाही, पण तुमचा वकीलही नाही.

आता पत्रातलं दुसरं वाक्य: ‘प्रस्तावपत्रात नमूद केलेली नाही.’ वाचताना हे Excl01 चाच भाग वाटतं, पण तो वेगळाच आरोप आहे. Excl01 म्हणतं की तुमची वेळ अजून आलेली नाही. हे वाक्य म्हणतं की तुम्ही लपवलंत. पहिल्यात क्लेम जातो, दुसऱ्यात अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते. म्हणून पत्रात दोन्ही असतील तर उत्तरही दोन्हींना, वेगवेगळं द्यावं.

प्रस्तावपत्र म्हणजे पॉलिसी घेताना भरलेला फॉर्म. बहुतेक घरांत तो एजंट भरतो, आजारांच्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत ‘नाही, नाही, नाही’ करतो आणि आपण शेवटी सही करतो. सही आपली म्हणजे उत्तरंही आपली. ‘एजंटला मी सांगितलं होतं, तो म्हणाला लिहायची गरज नाही’ हे खरं असलं तरी सिद्ध करणं फार जड जातं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मेडिक्लेमच्या एका प्रकरणात कंपनीच्या बाजूने निकाल दिला, तो याच मुद्द्यावर. विमाधारकाला जुना मधुमेह होता, मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि प्रस्तावपत्रात ‘प्रकृती उत्तम’ असं होतं. विमा द्यायचा की नाही, किती हप्त्याला द्यायचा, हे ज्यावर ठरतं ती माहिती सांगायलाच हवी, असं न्यायालय म्हणालं. मला तो निकाल कडक वाटतो, चुकीचा वाटत नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयापुढे परदेश प्रवासाच्या मेडिक्लेमचं प्रकरण आलं. अमेरिकेत विमानतळावर उतरताच एका गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला, तीन स्टेंट घातले. त्यांनी मधुमेह आहे हे आधी सांगितलं होतं, कंपनीने वैद्यकीय तपासणी करून पॉलिसी दिली होती. नंतर कंपनी म्हणाली, वाढलेल्या कोलेस्टेरॉलचं सांगितलं नाहीत. न्यायालयाने नकार बेकायदा ठरवला. सांगितलेला आजार माहीत असून, धोका जोखून पॉलिसी दिली, तर पुढे त्याच प्रकृतीचं कारण काढून क्लेम नाकारता येत नाही. सांगून ठेवण्याचा फायदा हा असा, पुढे कधी तरी उभा राहतो.

काकांच्या प्रस्तावपत्राची प्रत पॉलिसीच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेली होती. ‘उच्च रक्तदाब: नाही.’ ऑक्टोबर २०२४ मध्ये हे उत्तर खरं होतं. नंतर झालेला आजार तेव्हा सांगण्याचा प्रश्नच नव्हता. पॉलिसी चालू असताना नवा आजार झाला तर तो लपवला असं होत नाही. विमा त्यासाठीच तर घेतलेला असतो.

राहिलं तिसरं वाक्य, रक्तदाबाशी ‘संबंधित’ असल्याचं. कलमातले शब्द आहेत ‘आजार आणि त्याची थेट गुंतागुंत’. पत्रात ‘संबंधित’ आलं, तेव्हा ‘थेट’ गळून पडला. उच्च रक्तदाब हृदयविकाराचा धोका वाढवतो, हे खरं. तसाच तो तंबाखूने, वयाने, कोलेस्टेरॉलने, आनुवंशिकतेनेही वाढतो. धोका वाढवणारं एक कारण असणं आणि थेट गुंतागुंत असणं यांत अंतर आहे, आणि अपवाद लागू होतो हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका रिसॉर्टच्या विम्याच्या प्रकरणात हे पुन्हा सांगितलं. समजा काकांना खरोखरच पाच वर्षं रक्तदाब असता आणि त्यांनी तो फॉर्ममध्ये लिहिलाही असता, तर ऑक्टोबर २०२७ पर्यंत थांबण्याची मुदत लागली असती आणि भांडायला एवढा ‘थेट’ शब्दच उरला असता. ती लढाई जिंकता येते, पण डॉक्टरांचं स्पष्ट मत पाठीशी लागतं आणि निकालाची खात्री कुणी देऊ नये.

त्या रात्री मला एका गोष्टीची हळहळ वाटली. कारखान्याच्या सामूहिक विम्यात काका कित्येक वर्षं होते. निवृत्तीच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे अर्ज करून सामूहिक पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या सलग वर्षांचं श्रेय मिळून थांबण्याची मुदत तेवढी कमी होते. त्यांना हे कुणी सांगितलं नाही. मध्ये पंधरा दिवसांचा खंड पडला आणि घड्याळ शून्यापासून सुरू झालं. ज्यांच्या घरात येत्या वर्षात कुणी निवृत्त होणार आहे, त्यांनी मनुष्यबळ विभागाला हा प्रश्न आजच विचारावा.

थांबण्याच्या मुदतीचं आणखी एक कलम आहे, Excl02, आणि त्यावरून होणारी भांडणं बहुतेक हरतात. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, प्रोस्टेट, गर्भाशय काढणं अशा ठरावीक आजारांची यादी पॉलिसीत असते आणि त्यांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. ‘मला हा त्रास पॉलिसीनंतर सुरू झाला’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण आजार नंतर झाला तरी मुदत लागू, असं कलमातच लिहिलं आहे. सुटकेची वाट एकच आहे, अपघात. पडून खुबा मोडला म्हणून सांधा बदलावा लागला तर मुदत आड येत नाही. झिजला म्हणून बदलला तर येते. विम्याची रक्कम मध्येच वाढवली असेल, तर वाढवलेल्या भागापुरती मुदत नव्याने मोजतात, हेही इथेच कळतं.

तिसरा नेहमीचा नकार Excl04 चा: केवळ तपासणीसाठी दाखल झालात. पावसाळ्यात हे फार होतं. ताप आला, तीन दिवस दाखल, एमआरआयपासून सगळ्या चाचण्या, बिल साठ हजार, आणि पत्र येतं की हे बाह्यरुग्ण विभागात होण्यासारखं होतं. इथे निदानाच्या नावापेक्षा रोजच्या नोंदी उपयोगी पडतात. शिरेतून कोणती औषधं किती वेळा दिली, ताप, नाडी, रक्तदाबाचा तक्ता, प्लेटलेट घसरल्याचे अहवाल, आणि ‘दाखल का केलं’ हे सांगणारी डॉक्टरांची चिठ्ठी. नोंदींच्या कागदावर तीन दिवस नुसती तोंडाने घ्यायची गोळी आणि चाचण्यांची यादीच असेल, तर खरं सांगायचं तर कंपनीचं म्हणणं बरोबर आहे आणि राग रुग्णालयावर काढायला हवा.

पॉलिसी सलग साठ महिने चालली असेल तर एक वेगळं संरक्षण मिळतं. त्यानंतर ‘तुम्ही सांगितलं नाही’ या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. मात्र साठ महिने झाले म्हणून कायमचे अपवाद उठत नाहीत. काकांना हे लागू नव्हतं. त्यांच्या पॉलिसीला तेव्हा तेरा महिने झाले होते.

आम्ही उत्तर लिहिलं ते दीड पानांचं. त्यात संताप नव्हता, ‘आम्ही इतका हप्ता भरला’ हे नव्हतं, आणि काकांचा आग्रह असूनही त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष नव्हती. पत्रातली तीन वाक्यं घेतली आणि प्रत्येकाखाली कागद जोडला. पाच वर्षं नव्हे, पाच महिने: केस पेपरचं पहिलं पान आणि डॉक्टरांचं स्पष्टीकरण. प्रस्तावपत्रातलं उत्तर त्या दिवशी खरं: ऑगस्ट २०२४ चा कारखान्याचा अहवाल आणि जून २०२५ ची चिठ्ठी. Excl01 लागू नाही: व्याख्येतलं वाक्य जसंच्या तसं. क्लेम क्रमांक, पॉलिसी क्रमांक, तारीख, सही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि त्याच दिवशी नियामकाच्या बिमा भरोसा या संकेतस्थळावर, bimabharosa.irdai.gov.in, नोंद. तिथे एक नोंद क्रमांक मिळतो आणि तक्रार कंपनीच्या टेबलावर हरवत नाही.

कंपनीने ऐकलं नसतं किंवा महिनाभर उत्तर दिलं नसतं, तर पुढची पायरी विमा लोकपालांची होती. महाराष्ट्रात त्यांची मुंबईला आणि पुण्याला कार्यालयं आहेत. पन्नास लाखांपर्यंतचा दावा चालतो, फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. आपण आणि कंपनीचा माणूस समोरासमोर बसतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तिथे जावं लागतं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं, तिथे मुदत दोन वर्षांची. मात्र तेच प्रकरण ग्राहक आयोगात आधीच दाखल असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. म्हणून क्रम चुकवू नये.

काकांना तिथवर जावं लागलं नाही. बाविसाव्या दिवशी कंपनीने क्लेम पुन्हा उघडला आणि २,४६,००० पैकी २,३३,४०० रुपये खात्यात जमा झाले. कापलेल्या रकमेत हातमोजे, नोंदणी शुल्क, फाइलचे पैसे असलं किरकोळ होतं. ते पॉलिसीप्रमाणे मिळत नाहीच, आणि काकांनी त्याबद्दल आठवडाभर कुरकूर केली.

तुमच्या घरात कुणी दाखल असेल, तर डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर रुग्णालयाच्या काउंटरवरच ‘पूर्वीचे आजार’ ही ओळ वाचा. चूक असेल तर तिथेच, त्या डॉक्टरच्या सहीने, दुरुस्त करून घ्या. घरी आल्यावर त्याच ओळीसाठी काकांना सहा फेऱ्या माराव्या लागल्या.